पेंटरला द्यायचे पत्र : खोलीवार शेड, फिनिश आणि सॅम्पल पट्टे कसे लिहून द्यावेत

‘हॉलला क्रीम, बेडरूमला हलका हिरवा, किचनला धुता येईल असा’ एवढ्या निरोपावर घराचे रंगकाम सुरू होते आणि दुसरा हात सुकल्यावर ‘हा तो रंगच नाही’ असा वाद उभा राहतो. त्या वेळी दाखवायला घरमालकाकडे काही नसते आणि पेंटरकडेही नसते; असतो तो मोबाइलवर पाठवलेला एक फोटो, ज्यातला रंग प्रत्येकाच्या स्क्रीनवर निराळा दिसतो. हा वाद टाळण्यासाठी लेखी पत्र द्यावे, हे आता बऱ्याच जणांना पटलेले आहे. परंतु ते पत्र लिहिताना क्रम चुकतो. शेड आधी पक्की लिहून टाकली जाते आणि सॅम्पल नंतर, तेही घाईत, जुन्याच रंगावर मारले जाते.

पुढे दिलेल्या पद्धतीत पत्रे दोन आहेत. पहिले काम सुरू होण्यापूर्वी द्यायचे. त्यात प्रत्येक पृष्ठभागाची पूर्वतयारी, फिनिश, हात आणि उमेदवार शेड असतात. दुसरे, म्हणजे पक्के पत्र, सॅम्पल पट्टे पाहून झाल्यावर द्यायचे. त्यात प्रत्येक भिंतीसमोर एकच कोड असतो. उदाहरणासाठी जुळे सोलापुरातील पहिल्या मजल्यावरचे दोन बेडरूमचे घर धरू. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, एक बेडरूम उत्तरेकडे उघडते, किचन पूर्वेला आहे आणि उत्तरेच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे.

टप्पा १ : खोल्यांची नव्हे, पृष्ठभागांची यादी

‘हॉल’ असे लिहिले की त्यात चार भिंती, छत, तुळईची खालची बाजू, दाराची चौकट, दार, खिडकीचे ग्रिल आणि कोनाडा इतके सगळे येते, आणि या सर्वांना एकच रंग किंवा एकच फिनिश क्वचितच चालतो. म्हणून प्रत्येक खोलीचा साधा नकाशा हाताने काढावा, आत शिरताना डाव्या हाताची भिंत क्रमांक १ धरावी आणि तिथून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे भिंतींना क्रमांक द्यावेत. सोलापुरात याचा आणखी एक उपयोग होतो. ज्यांच्याशी आपण बोलतो ते ठेकेदार मराठी वाचतात, पण भिंतीवर प्रत्यक्ष रोलर फिरवणाऱ्या कारागिराला कित्येकदा तेलुगू किंवा कन्नड जवळची असते. त्याला ‘टीव्हीच्या समोरची भिंत’ या शब्दांपेक्षा नकाशावरचा ‘३’ हा आकडा लवकर कळतो.

नकाशावर प्रत्येक भिंतीसमोर दोन गोष्टी टिपाव्यात : सध्या तिच्यावर काय आहे आणि तिथे ओल आहे का. जुन्या भिंतीवरून तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर तो चुना किंवा जुने डिस्टेंपर आहे. ते खरवडल्याशिवाय त्यावर चढवलेले इमल्शन खालच्या भुकटीसह पापुद्र्यांनी सुटते. किचनमध्ये आणि पॅसेजमध्ये कमरेएवढा चकचकीत ऑइल पेंटचा पट्टा असेल, तर तो घासून त्याची चमक मारणे आणि त्यावर योग्य तो प्रायमर देणे हे पत्रात वेगळे लिहावे लागते, कारण ‘पूर्ण खोली घासणे’ या शब्दांत कारागीर ते धरत नाही.

*तपासणी :* संशयित जागी चिकटपट्टी घट्ट दाबून लावावी आणि एका झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला, तर त्या भिंतीसमोर ‘खरवडणे’ असे लिहावे.

*सावधान :* बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खालच्या फूट-दोन फूट भागात पांढरे क्षार फुटलेले असतील, तर तिच्या शेडचा विचार थांबवावा. आधी गळती काढावी, भिंत सुकू द्यावी, मग रंग. ही अट पत्रात नसली की पेंटर त्या जागी पुट्टी भरून मोकळा होतो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच डाग वर येतो.

टप्पा २ : शेडचा पूर्ण पत्ता

शेडचे नुसते नाव पुरत नाही आणि नुसता कोडही पुरत नाही. कंपनीचे नाव, त्या कंपनीचे नेमके उत्पादन, शेडकार्डावरचा कोड आणि त्याखाली छापलेले नाव या चारही गोष्टी एका ओळीत लिहाव्यात. कोड आणि नाव दोन्ही लिहिण्याचे कारण असे की आकड्यातला एखादा अंक चुकला, तर नावावरून चूक पकडता येते. एकाच कंपनीचा एकच कोड स्वस्त इमल्शनमध्ये आणि महाग इमल्शनमध्ये डोळ्याला सारखा दिसेलच असे नाही, कारण ज्या बेसमध्ये मशीन रंगद्रव्य सोडते तो बेस वेगळा असतो.

दुकानदार ‘हाच कोड दुसऱ्या कंपनीत बसवून देतो’ असे म्हणतो. मशीन तसे जवळपासचे मिश्रण देते, हे खरे आहे. पण पत्राच्या दृष्टीने ती नवी शेड समजावी आणि तिचे सॅम्पल पुन्हा मारून घ्यावे. तसेच, शेड थोडी गडद वाटली म्हणून जागेवर पांढरा रंग मिसळून ती ‘हाफ’ करण्यास किंवा बाटलीतले स्टेनर घालून ती वळवण्यास पत्रातच मनाई करावी. हाताने केलेले मिश्रण पुन्हा तसेच बनवता येत नाही, आणि डबा संपतो तो नेमका शेवटच्या भिंतीच्या मध्यावर. हलका रंग हवा असेल तर शेडकार्डावर त्याच पट्टीतला वरचा कोड घ्यावा.

डबे कमी पडू नयेत म्हणून मापही पत्रात असावे. बारा बाय दहा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणून भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट. दार आणि खिडकीचे मिळून ५० चौरस फूट वजा केले की ३९० उरतात. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे १२० चौरस फूट असे छापलेले असेल, तर सव्वातीन लिटर लागतात, म्हणजे चार लिटर आणावेत. एका शेडचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच बिलावर टिंट करून घ्यावेत आणि उघडल्यावर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच वापरावेत. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या डब्यांत फरक पडला तरी तो डब्यात दिसत नाही. भिंतीवर दोन डबे शेजारी आले की दिसतो.

टप्पा ३ : फिनिश

फिनिश म्हणजे सुकलेल्या रंगाची चमक, आणि ती ठरवताना बहुतेक जण फक्त धुता येण्याचा विचार करतात. चमक जितकी जास्त तितकी भिंत पुसायला सोपी, हे बरोबर आहे; पण तितकेच प्लास्टरचे उंचवटे, पुट्टीच्या पत्र्याचे ओरखडे आणि जोडाच्या रेषाही उघड्या पडतात. आपल्या उदाहरणातल्या हॉलमध्ये दुपारी चारनंतर ऊन खिडकीतून तिरपे येऊन भिंत क्रमांक २ घासत जाते. त्या भिंतीवर सॅटिन किंवा त्याहून चमकदार फिनिश दिले, तर सकाळी सपाट दिसणारी भिंत संध्याकाळी लाटांसारखी दिसते. तिथे मॅट किंवा अगदी मंद चमकीचे फिनिश योग्य.

*तपासणी :* फिनिश लिहिण्यापूर्वी रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. सावल्या पडल्या तर दोनच मार्ग आहेत : घासाई आणि पुट्टी वाढवा, किंवा चमक कमी करा.

छताला कुठेही मॅटच द्यावे. किचनला सॅटिन द्यावे, विशेषतः ओट्याच्या वरच्या टाइल्स संपतात तिथपासून छतापर्यंतच्या पट्ट्याला, कारण फोडणीचा तेलकट थर तिथेच बसतो. देवघराच्या कोनाड्यालाही सॅटिनच, दिव्याची काजळी पुसता यावी म्हणून. लाकडी दारांना आणि लोखंडी ग्रिलला इनॅमल. मात्र टर्पेंटाइनवर पातळ होणारे पांढरे इनॅमल उजेड न पोहोचणाऱ्या जागी कालांतराने पिवळे पडते. कपाटाच्या आतील बाजूस आणि अंधाऱ्या पॅसेजमधील दारांना शुद्ध पांढरा लिहू नये, किंवा पाण्यावर आधारलेले इनॅमल लिहावे.

टप्पा ४ : सॅम्पल पट्टे

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून पत्रातला सर्वांत तपशीलवार भाग हाच असावा.

पहिला प्रश्न पट्टा कशावर मारायचा, हा. जुन्या फिकट हिरव्या भिंतीवर मारलेला क्रीम रंगाचा पट्टा दोन कारणांनी फसवतो : खालचा हिरवा थोडा वर येतो, आणि भोवतालच्या हिरव्यामुळे क्रीम लालसर भासते. नुसत्या पुट्टीवर मारला तर पुट्टी पाणी ओढून घेते आणि पट्टा कोरडा, ठिपकेदार दिसतो. म्हणून पट्टा पुट्टी, घासाई आणि प्रायमर झालेल्या भिंतीवरच मारावा. पक्क्या पत्राची जागा कामाच्या मध्ये येते ती याचमुळे. प्रायमर सुकल्यानंतर आणि रंगाचे मोठे डबे आणण्यापूर्वी एवढी थोडीच वेळ त्यासाठी असते.

पट्ट्याचे माप किमान दोन फूट बाय दोन फूट असावे. वीतभर तुकड्यावरून ठरवलेली शेड चार भिंतींवर आल्यावर जवळजवळ नेहमी अपेक्षेपेक्षा गडद वाटते. एका खोलीत तीनपेक्षा जास्त उमेदवार ठेवू नयेत आणि दोन पट्ट्यांमध्ये हातभर पांढरी जागा सोडावी. चिकटून मारलेले पट्टे एकमेकांचा रंग बदलून दाखवतात. प्रत्येक शेड दोन ठिकाणी मारावी : एकदा खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर आणि एकदा उजेडापासून सर्वांत दूर असलेल्या कोपऱ्याजवळ. पट्टा अंतिम कामासारखाच, म्हणजे त्याच उत्पादनातून, त्याच रोलरने आणि दोन पूर्ण हातांचा हवा. ब्रशने ओढलेल्या पट्ट्याची पोत वेगळी येते. सॅम्पलसाठी दुकानात मिळेल तो लहानात लहान डबा घ्यावा, पण उत्पादन बदलू नये.

पट्ट्याच्या कडा चिकटपट्टी लावून धारदार करण्याचा मोह होतो. तसे केल्यास कडेला रंगाचा बांध तयार होतो आणि तो अंतिम रंगाखालूनही चौकोनासारखा दिसतो. कडेला रोलर हलका करून रंग विरत न्यावा, आणि अंतिम रंगापूर्वी सर्व पट्टे बारीक पेपरने घासून त्यांवर प्रायमरचा हात द्यावा. पट्ट्याखाली क्रमांक पेन्सिलने लिहावा. बॉलपेनची किंवा मार्करची शाई इमल्शनमधून वर उमटते.

आता पाहण्याची वेळ. पट्टा ओला असताना काहीही ठरवू नये, कारण इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि सुकल्यावर गडद होते. दुसऱ्या दिवशी चार वेळा पाहावे : सकाळी, भर दुपारी, ऊन उतरताना आणि रात्री दिवे लावून. रात्री जे दिवे पुढे कायम राहणार आहेत तेच लावावेत. तीन हजार केल्विनचा पिवळसर बल्ब आणि साडेसहा हजार केल्विनची पांढरी ट्यूब यांच्या उजेडात एकच राखाडी छटा दोन वेगळ्या रंगांची वाटते.

उदाहरणातल्या हॉलसाठी तीन उमेदवार धरू : पिवळसर ऑफ-व्हाइट, राखाडी झाक असलेला ऑफ-व्हाइट आणि बदामी. सकाळी तिन्ही छान दिसतात आणि इथेच घाई होते. पश्चिमेचे ऊन आत आले की पिवळसर ऑफ-व्हाइट थेट केशरी वाटू लागतो आणि बदामी त्याहून तापलेला दिसतो; राखाडी झाकेचा मात्र त्या उन्हात उबदार पांढरा होतो. रात्री पांढऱ्या ट्यूबखाली तोच थोडा थंड वाटतो, म्हणून त्याच्यासोबत पिवळसर बल्ब ठरवावा. उत्तरेच्या बेडरूममध्ये नेमके उलटे होते. तिथे थेट ऊन नसल्याने दिवसभर निळसर उजेड असतो आणि हॉलमध्ये निवडलेली राखाडी झाक मळकी वाटते. तिथे पिवळसर ऑफ-व्हाइट शोभतो. म्हणूनच ‘सगळ्या घराला एकच ऑफ-व्हाइट’ ही सूचना, पैसे वाचवणारी असली तरी, पट्टे न पाहता देऊ नये.

*सावधान :* मान्य केलेल्या पट्ट्याचा मोबाइलवर फोटो हा पुरावा मानू नये. वहीच्या पानाएवढ्या जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रायमर देऊन तीच शेड दोन हात मारावी, मागे कोड आणि तारीख लिहावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि पुठ्ठा मालकाने आपल्याकडे ठेवावा.

टप्पा ५ : पहिल्या पत्राचा नमुना

कोडच्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असल्याने ते आपल्या शेडकार्डावरून भरावेत.

> श्री. ………… (पेंटर) यांस,
>
> स. न. वि. वि.
>
> आमच्या जुळे सोलापूर येथील घराच्या आतील रंगकामाबाबत आपले बोलणे झाल्याप्रमाणे तपशील खाली लिहीत आहे. भिंतींचे क्रमांक सोबतच्या नकाशाप्रमाणे आहेत. शेड अद्याप पक्क्या नाहीत. पक्के पत्र मिळेपर्यंत सॅम्पलव्यतिरिक्त कोणताही रंग टिंट करून आणू नये.
>
> हॉल, भिंत १ ते ४ : जुना रंग घासणे, पुट्टीचे दोन हात, घासाई, प्रायमर एक हात, रंग दोन हात. उत्पादन …………, फिनिश मॅट. उमेदवार शेड : कोड ………, ………, ………. पट्टे भिंत २ वर खिडकीजवळ आणि भिंत ४ वर कोपऱ्यात.
>
> उत्तरेची बेडरूम, भिंत १, २ व ४ : वरीलप्रमाणे तयारी, फिनिश मंद चमक. उमेदवार शेड : कोड ………, ………. भिंत ३ बाथरूमला लागून असून तिला ओल आहे. प्लंबरचे काम होऊन मी लेखी कळवेपर्यंत तिला पुट्टीही लावू नये.
>
> किचन : कमरेपर्यंतचा ऑइल पेंट चमक जाईपर्यंत घासून त्यावर चालणारा प्रायमर. ओट्याच्या वरचा भाग व सर्व भिंती सॅटिन. उमेदवार शेड : कोड ………, ………. पट्टा टाइल्सना लागून.
>
> सर्व छते : पांढरा, मॅट, दोन हात. सॅम्पलची गरज नाही.
>
> ग्रिल : गंज घासून काढणे, लोखंडाचा प्रायमर एक हात, इनॅमल दोन हात, स्मोक ग्रे, ग्लॉस. सॅम्पल एका ग्रिलच्या खालच्या पट्टीवर.
>
> पुट्टी भिजवण्यासाठी आणि रंग पातळ करण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये. पिण्याच्या पाण्याचे पिंप आम्ही देऊ. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घालू नये.
>
> प्रत्येक टप्प्यानंतर, म्हणजे घासाई, प्रायमर आणि पहिला हात झाल्यावर, मी पाहिल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. डबे माझ्यासमोर उघडावेत. डब्यांतील टोकन आपलीच राहतील. रिकामे डबे आणि त्यांवरील लेबले मात्र मला द्यावीत.
>
> आपला/आपली,
> …………

पाण्याबद्दलचे कलम काहींना अवाजवी वाटेल. शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने कारागीर हाताशी असलेले बोअरचे पाणी सहज घेतो, आणि ते जड असेल तर त्यातले क्षार पुट्टीत आणि रंगात राहतात. टोकनचा उल्लेखही मुद्दाम आहे : कंपन्या डब्यात पेंटरसाठी टोकन ठेवतात, आणि ती काढून घेण्यासाठी डबा मालकाच्या गैरहजेरीत आधीच उघडला जातो. टोकन त्याचेच आहे हे लिहून दिले की डबा समोर उघडण्यात त्याची अडचण राहत नाही.

यंत्रमागाच्या वस्तीत, उदाहरणार्थ अशोक चौकाच्या बाजूला, घर असेल तर इनॅमलसाठी एक ओळ वाढवावी. माग चालू असताना हवेत सुताचा तूस असतो आणि तो ओल्या इनॅमलवर बसून सुकतो. मग दारावरून बोट फिरवले की खरखर लागते. माग बंद असण्याचा दिवस किंवा वेळ पाहून इनॅमलचा शेवटचा हात घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत काम करावे लागले, तर पश्चिमेच्या भिंतीचे काम सकाळीच संपवावे, असेही लिहावे. तापलेल्या भिंतीवर रंग रोलरखालीच सुकतो आणि जोडांचे पट्टे उमटतात.

टप्पा ६ : पक्के पत्र

हे पत्र लहान असावे. प्रत्येक भिंतीचा क्रमांक, तिच्यासमोर कंपनी, उत्पादन, एकच कोड, शेडचे नाव, फिनिश, हात आणि लिटर. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. नाकारलेल्या शेड इथे पुन्हा लिहू नयेत, कारण कागद दुकानात गेला की कुठला कोड खोडलेला होता हे दुकानदार पाहत नाही. बदल करायचाच झाला तर जुन्या पत्रावर खाडाखोड न करता नवे पत्र द्यावे आणि जुने परत घ्यावे.

*तपासणी :* डबे घरी आल्यावर मशीनने छापलेल्या लेबलावरचे उत्पादन, कोड आणि तारीख पक्क्या पत्राशी ताडून पाहावी. त्यानंतर डब्यातला थोडा रंग सह्या केलेल्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर बोटाने लावून सुकू द्यावा. सुकलेला ठिपका पुठ्ठ्यात विरून गेला तर डबा बरोबर आहे. वेगळा उठून दिसला तर तो डबा एकत्र करण्याच्या बादलीत ओतू न देता दुकानात परत पाठवावा. एकदा बादलीत ओतलेला रंग दुकानदार परत घेत नाही.

काम संपल्यावर प्रत्येक शेडचा अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घ्यावा, बाटलीवर खोली, भिंत क्रमांक आणि कोड लिहावा, आणि ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरातल्या सावलीच्या कपाटात, पक्क्या पत्राच्या प्रतीसोबत ठेवावी.